धुक्यात सावली पडत नाही

तिसगावात चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो बघा, तो बहुतेक गहिनीनाथ लवांडे यांनी काढलेला असणार. माझाही त्यांनीच काढला. "हनुवटी खाली. अजून खाली. आता श्वास सोड," एवढं बोलून ते कॅमेऱ्यामागे जायचे, आणि श्वास सोडताना माणूस जसा असतो तसा फोटोत यायचा. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. मी त्यांच्या शेजारीच राहतो, म्हणून पुढचं बरंचसं मला त्यांच्या ओसरीवर बसूनच कळलं.

नाना शेतकऱ्याघरचे. पाथर्डीला शिकायला असताना एका स्टुडिओत फोटो धुवायला लागले आणि शिक्षण मागे पडलं. चौऱ्याऐंशी साली त्यांनी तिसगावात बाजाराच्या रस्त्याला गाळा घेतला, मागच्या बाजूला अंधारी खोली केली आणि पाटी लावली, 'मयूर फोटो स्टुडिओ'. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, अपघाताच्या पंचनाम्याचे फोटोसुद्धा. त्या खोलीत लाल दिव्याखाली उभं राहून ते फोटोचा कागद डेव्हलपरच्या रसायनात हलवत राहायचे. पुढं रंगीत आलं, मग डिजिटल आलं, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. बारा साली त्यांनी गाळा सोडला. त्यानंतर ते शेतावर चक्कर मारायचे, ओसरीवर बसायचे आणि उन्हाकडे बघायचे. हे मी शब्दशः सांगतोय. भिंतीवर ऊन कुठवर आलं, पडवीच्या दांड्यांची सावली कुठं तुटली, हे ते बसल्या जागेवरून सांगायचे. घरच्यांना ती म्हातारपणाची सवय वाटायची.

त्यांचा मुलगा आदिनाथ नगरजवळच्या कारखान्यात कामाला आहे, सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी येतो. सून निकिता कोपरगावची. इंग्रजी घेऊन बीए झालेली. लग्नानंतर तिनं घरबसल्या कामं धरली, आधी टायपिंगची, मग भाषांतराची, आणि दोन वर्षांपासून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रॉम्प्ट लिहायची. संगणकाला चित्र काढायला लावायचं तर कसलं चित्र हवं ते शब्दांत सांगावं लागतं. त्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. कंपनी असे मजकूर जमवून, तपासून, गठ्ठ्यानं विकते. निकितानं मजकूर लिहायचा, त्यावर चित्रं काढून बघायची आणि दोन्ही पुण्याला पाठवायची.

मागच्या श्रावणात तिला साठ प्रॉम्प्टचं काम आलं. विषय एकच होता. रस्त्यावरची कृष्णधवल छायाचित्रं, उदास वातावरण, काळ्या-पांढऱ्याचा कडक विरोध, जुन्या फिल्मवर बारीक ठिपके दिसतात तसा दाणा, आणि भूमितीतल्या आकृत्यांसारख्या ठसठशीत सावल्या. तिनं आठ दिवसांत पंचवीस लिहून पाठवले. पुण्याहून सुहास नावाच्या तपासणाऱ्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, नाना ओसरीवर शेंगा सोलत होते.

"मॅडम, पंचवीसच्या पंचवीस परत पाठवतोय," सुहास म्हणाला. "सगळीकडे तोच माणूस. हॅट, लांब कोट, ओला रस्ता, दिव्याचा खांब, धुकं. आणि सावल्या कुठायत? सगळं राखाडी पिठल्यासारखं झालंय."

निकितानं फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटून स्वस्थ बसली. डोळे भरले होते, पण सासऱ्यासमोर रडायचं कसं म्हणून ती शेंगांच्या सुपाकडे बघत राहिली.

"काय म्हनतोय त्यो?" नानांनी विचारलं.

"काही नाही नाना. जमत नाहीये."

"दाव तरी."

तिनं चित्रं दाखवली. नानांनी चष्मा वर ढकलला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक चित्र अगदी जवळून बघायला लागले. पासपोर्ट फोटोच्या पट्ट्या तपासायचे तसे. चौथ्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं.

"हिथं दोन सूर्य हायेत."

"काय?"

"ह्या मान्साची सावली उजवीकडं पडलीय आन खांबाची डावीकडं. दोन सूर्य असल्याबिगर आसं हुतं व्हय?" मग ते पुढं म्हणाले, "तू ह्याला सांगितलं काय हुतं? वाच बरं."

निकितानं इंग्रजीतलं मराठीत करून वाचलं. उदास, गूढ, कृष्णधवल रस्ता, दाट धुकं, कडक भौमितिक सावल्या, भरपूर दाणा.

नाना एकदम हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण आतून गोजरबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, काय झालं म्हणून बाहेर आल्या.

"आगं पोरी, धुक्यात सावली पडती व्हय? धुकं म्हंजी उजेड चाळनीतून गाळल्यावानी. सगळीकडनं येतो. सावलीला ऊन एकाच बाजूनं लागतं. तू त्याला एका तोंडानं धुकं दे म्हनतीस आन दुसऱ्या तोंडानं कडक सावली. त्यो बिचारा दोन्ही मिसळून राखाडी देतोय."

निकितानं धुकं काढलं. ओला रस्ताही काढला. पुन्हा चित्र काढलं. सावली आली, पण रस्त्यावर नुसतेच काळे चौकोन पडले, कशाचे ते कळेना.

"आता ह्या सावल्या कशाच्या हायेत?" नानांनी विचारलं.

"भौमितिक सावल्या असंच लिहिलंय."

"सावली आपली आपन पडत न्हाई. कशाची तरी पडती. ते सांग. शिडीची सांग, खिडकीच्या गजांची सांग, पत्र्याच्या छपराची सांग. आन ऊन कुन्या बाजूनं, किती वाजताचं, ते सांग. उदास म्हनू नगंस. सकाळचं ऊन का सांजचं एवढं कळलं की उदास का काय ते बघनारा ठरवतो."

त्या दुपारी ओसरीवर काम सुरू झालं ते पंधरा दिवस चाललं. निकिता तिचं ज्ञान सांगायची, नाना त्यांचं. प्रॉम्प्टमध्ये 'हॅट नको' लिहिलं की हमखास हॅट येते, असं तिनं सांगितल्यावर नाना चक्रावले.

"नगं म्हनल्यावर कसं देतो?"

"त्याला 'हॅट' हा शब्दच दिसतो, नाना. 'नको' त्याच्या फारसं लक्षात राहत नाही. म्हणून नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, तिथं लिहायच्या."

"म्हंजी लहान लेकरागत हाय."

दाण्यावरून मात्र त्यांचा वाद झाला. निकितानं 'भरपूर दाणा' लिहिलं की सगळ्या चित्रावर सारखी वाळू पसरल्यासारखी दिसायची, अगदी पांढऱ्याशुभ्र भिंतीवरसुद्धा. नानांना ते खपेना. दाणा राखाडीत दिसतो, म्हणाले, एकदम काळ्यात आणि एकदम पांढऱ्यात तो मावळतो. मग त्यांनी तिला फिल्म ओढणं समजावून सांगितलं. उजेड कमी असला की चारशे वेगाची फिल्म सोळाशेची आहे असं धरून फोटो काढायचा आणि धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. काळं-पांढरं ताठ होतं, दाणा फुगतो, सावलीतलं बारीकसारीक नाहीसं होतं. निकितानं तेच लिहिलं, 'चारशेची फिल्म सोळाशेला ओढलेली, दाणा राखाडी भागात ठळक'. चित्र आलं तेव्हा नानांनी पडद्याजवळ नाक नेलं. मग म्हणाले, "आता वास तेवढा न्हाई डेव्हलपरचा."

साठातले सत्तावन्न झाले. सुहासनं या खेपेला एकही परत पाठवला नाही. उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठला कोर्स केलात का?" तिनं सांगितलं, माझे सासरे फोटोग्राफर आहेत. हे सांगताना ती स्वयंपाकघरात होती आणि मुद्दाम जरा मोठ्यानं बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना तिच्याजवळ येऊन बसले. "एक मी सांगतो. घालून बघ."

त्यांनी सांगितलं ते असं. अठ्ठ्याऐंशी साल. एका लग्नाचा रोल संपत आला होता, शेवटच्या दोन फ्रेम उरल्या होत्या. बाजाराचा दिवस होता. नाना शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या गोदामाच्या गच्चीवर चढले आणि खालच्या रस्त्याचा एक फोटो काढला. आयुष्यात स्वतःसाठी काढलेला बहुधा तो एकच. धुऊन झाल्यावर आपल्याला काहीतरी चांगलं सापडलंय हे त्यांना कळलं होतं. त्याची मोठी प्रिंट काढायची म्हणून त्यांनी ती निगेटिव्ह बाजूला ठेवली, आणि लग्नसराई संपेपर्यंत गाळ्याचं छत गळून ती पेटी भिजली. पापुद्रे सुटले, सगळं एकमेकांना चिकटलं.

निकितानं त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मराठीत ते साधारण असं होतं: 'बाजारगावातल्या रस्त्याचं कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा गोदामाच्या गच्चीवरून खाली रोखलेला. दुपारचे चार, निरभ्र आकाश, ऊन डावीकडून तिरकं. पत्र्याच्या छपरांच्या सावल्या रस्त्यावर काळ्या त्रिकोणांसारख्या, कडा धारदार, आत काहीही दिसत नाही. दोन त्रिकोणांमध्ये उन्हाचा एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्यातून एक हमाल आपल्याकडे चालत येतोय. धोतर, गुडघ्यावर खोचलेलं. उजव्या खांद्यावर पोतं, शरीर डावीकडे कललेलं, डावा हात कमरेवर. चेहरा पोत्याच्या सावलीत, पूर्ण काळा.' आणि शेवटी फिल्मचं आणि दाण्याचं.

पहिल्यांदा आलं त्यात माणसानं पोतं डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्यांदा त्रिकोण आले, पण माणूस पाठमोरा. तिसऱ्यांदा चेहरा लख्ख दिसत होता, कुणातरी देखण्या नटाचा. निकितानं पोत्याचं आणि चेहऱ्याचं वाक्य अगदी वर आणलं, बाकीचं मागं ढकललं. पाचव्या खेपेला चित्र आलं आणि नानांनी तिच्या हातावर हात ठेवला. "थांब," म्हणाले.

ते चित्र मीही बघितलंय. काळे त्रिकोण, मध्ये पांढरी पट्टी, आणि त्या पट्टीत वाकडा होऊन चाललेला एक माणूस, ज्याला तोंड नाही. अंगावर काटा येतो हे खरं.

निकितानं आनंदाच्या भरात ते स्टेटसला ठेवलं आणि वर लिहिलं, 'आमच्या नानांच्या नजरेतून, १९८८'. तिच्या मनात काही खोटं नव्हतं. पण लोकांनी तो नानांचा जुना फोटो समजला. तासाभरात तो गावातल्या तीन ग्रुपवर फिरला. नाना, एवढा खजिना लपवून ठेवला होता व्हय, असे फोन यायला लागले. नानांनी एकदोघांना 'आवं तसं न्हाई ते' म्हणून बघितलं, पण ऐकतंय कोण? आणि खरं सांगायचं तर, गाळा सोडल्यापासून फोटोसाठी त्यांना कुणाचा फोन आला नव्हता.

संध्याकाळच्या आत सूर्यभान आला. वेशीजवळ राहतो, कापूस-तूर करतो, पंचेचाळिशीचा माणूस. चपला पायरीवर काढून तो ओसरीच्या कडेला टेकला आणि मोबाईल नानांपुढं धरला.

"नाना, ह्यो माझा बाप हाय."

सूर्यभानचा बाप सहादेव बाजारात हमाली करायचा. एक्याण्णव साली गेला. फोटोची मतदार ओळखपत्रं यायच्या आधीच. त्याचा एकही फोटो कुठं नव्हता.

"त्याची चाल हाय ही," सूर्यभान म्हणाला. "कमरंवर हात ठिवायचा ना, तसाच. मी लहान असताना त्याच्या मागं मागं जायचो. आईला मरस्तोवर म्हनत हुतो, बापाचं तोंड आठवत न्हाई गं मला. नाना, मला मोठा करून द्या. पित्राच्या दिवशी पाटावर ठिवतो. आजवर त्याच्या नावानं सुपारी ठिवून भागवलं."

निकिता दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले. "बघतो," म्हणाले. तेवढंच.

सूर्यभान पाया पडून गेला. निकिता म्हणाली, "नाना, माझी चूक झाली. मी आत्ता लिहून टाकते ग्रुपवर."

"ग्रुपवर लिही. त्याला मी सांगतो."

पण दोन दिवस गेले आणि नाना त्याच्याकडे जायला उठले नाहीत. ग्रुपवरचा निकिताचा मजकूर सूर्यभाननं वाचला नसावा, कारण त्यानं पाथर्डीहून फ्रेम आणल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. तेव्हा गोजरबाई भाकरी थापता थापता बोलल्या, "तुमी काय मनात धरलंय? बोलायचं न्हाई? लेक बापाच्या पाया पडायला बसलाय आन तुमी त्याच्या म्होरं कुनाला ठिवताय?"

नानांनी टोपी घातली आणि निकिताला म्हणाले, "तू बी चल. लॅपटॉप घे."

सूर्यभान अंगणात सरकी निवडत होता. घरात त्याची म्हातारी आत्या होती, ती उंबऱ्यात येऊन बसली. सूर्यभाननं नव्या फ्रेमवरचा कागदही काढला नव्हता. नाना बाजेवर बसले आणि पाणी यायच्या आधीच बोलले.

"सूर्यभान, त्यो तुझा बाप न्हाई."

"आसं कसं म्हनता?"

"त्यो कुनाचाच बाप न्हाई. त्यो फोटोच न्हाई. मी काढला हुता एक, त्यो भिजून गेला. हे मी तोंडानं सांगितलं, हिनं लिवलं आन यंत्रानं काढून दिलं. त्या मान्साला कुनी कदी बघितलेलं न्हाई."

सूर्यभानला पटेना. तेव्हा निकितानं लॅपटॉप उघडून त्याला आधीची चित्रंही दाखवली. डोक्यावर पोतं घेतलेला, पाठमोरा, नटासारखा. सगळी एकाच मजकुरातून निघालेली. सूर्यभान ती परत परत बघत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग तो चिडला.

"मग दोन दिस गप का बसला तुमी? मी घरातल्या समद्यांना सांगून बसलो. आत्याला सांगितलं. पोरांना सांगितलं, ह्यो तुमचा आजा."

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "लोकं फोन करत हुती. मला बरं वाटलं."

सूर्यभाननं सरकीत हात घातला, काढला. मग हळू विचारलं, "पन मग ती चाल? कमरंवरचा हात?"

"ते मी सांगितलं ना."

"तुमाला कुठनं म्हाईत?"

आणि इथं नाना थांबले. त्यांनाच ते तोवर सुचलं नव्हतं, असं निकिता मला म्हणाली. अठ्ठ्याऐंशीच्या त्या फोटोत कोण होतं हे त्यांनी कधी मनाशी विचारलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो उन्हाच्या पट्ट्यातला एक आकार होता. पण गोदामावर हमाल चारच होते, आणि कमरेवर हात ठेवून चालणारा त्यातला एकच.

"सहादेवच आसंल त्यो," नाना सावकाश म्हणाले. "माझ्या फोटोतला. ह्या चित्रातला न्हाई. पन माझ्या फोटोतला तुझा बापच हुता, सूर्यभान. मी तुला त्याची चाल तेवढी दिऊ शकतो. तोंड माझ्याकडं बी न्हाई. सावलीत हुतं."

सूर्यभाननं उपरणं डोळ्यांना लावलं. मग त्यानं विचारलं, "आनखी काय काय आठवतंय तुमाला त्याचं?"

नानांना बरंच आठवत होतं. सहादेव स्टुडिओच्या पायरीवर बसून बिडी ओढायचा. काचेतल्या फोटोतली माणसं बघून कोण कुणाचा कोण हे सांगायचा. एकदा नाना त्याला म्हणाले होते, बस, तुझा काढतो, फुकट. तर तो म्हणाला, "मला कशाला, माझ्या पोराचा काढा, शाळंत लागंल." आणि नानांनी काढला होता. तिसरीतला सूर्यभान, तेल चोपडलेले केस. तो फोटो मात्र घरात होता. सूर्यभान आत जाऊन घेऊन आला. मागं शिक्का, मयूर फोटो स्टुडिओ, तिसगाव.

निकिता हे सगळं उतरवून घेत होती. कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

निघताना सूर्यभान म्हणाला, "चित्र द्या मला तरी बी. पूर्वी लोकं चित्रकाराला सांगून काढून घ्यायची, तसं धरीन. पन पाटावर न्हाई ठिवायचा. पाटावर सुपारीच राहू द्या."

निकितानं नगरहून मोठी प्रिंट काढून आणली. नानांनी तिच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हा फोटो नाही. सहादेवची चाल गहिनीनाथला आठवली तशी यंत्राकडून काढून घेतली.' ती सूर्यभानच्या पुढच्या खोलीत लागली. मी बघायला गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "समदं खरं हाय, पन सहादू डाव्या खांद्यावर पोतं घ्यायचा. उजवा त्याचा दुखायचा."

मी हे नानांना सांगितलं. ते अस्वस्थ झाले, डोळे मिटून काहीतरी आठवत राहिले. "डावा?" म्हणाले. "आसंल. आत्या खोटं कशापायी बोलंल." निकिता म्हणाली, एक बटण दाबलं की चित्र उलटं होतं, डावा खांदा होईल. नाना म्हणाले, मग ऊन उजवीकडनं येईल, आणि सोसायटीच्या गच्चीवरून चार वाजता ते तसं येत नाही. सूर्यभानला विचारलं, तर तो म्हणाला, राहू द्या आता, खिळा ठोकलाय.

पुण्याला साठ पूर्ण करायचे होते. सहादेवचा मजकूर निकितानं पाठवला नाही. त्याच्याऐवजी तिनं आणि नानांनी पितृपक्ष संपल्यावर दुसरे तीन रचले. एक होता एसटी स्टँडच्या जिन्याचा. त्यासाठी नाना दुपारी साडेबाराला स्वतः स्टँडवर गेले. कठड्याची सावली पायऱ्यांवर कशी मोडते ते बघत अर्धा तास उन्हात उभे राहिले आणि घरी येऊन निकिताला म्हणाले, "लिही. सावली प्रत्येक पायरीला मोडती, सरळ जात न्हाई. करवतीवानी."